पोंगे मेल्यावर लावलेलं ट्रायकोकार्ड

प्रश्न: नमस्कार. कराड भागात एक एकर सुरू ऊस आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लावण केली. मार्चअखेर पोंगे मरायला लागले म्हणून लगेच दोन ट्रायकोकार्डं आणून लावली. पंधरा दिवस झाले तरी पोंगे मरायचे थांबले नाहीत. दुकानदार म्हणतो हे सगळं पुस्तकी आहे, फवारणीच घ्या. परजीवी कीटक, भक्षक, बुरशी यांनी उसातली कीड खरंच आटोक्यात येते का? आणि फवारणीत अन् यात नेमका फरक काय?

उत्तर:

तुम्ही कार्डं लावलीत त्या दिवशी जे पोंगे वाळलेले होते आणि त्यानंतर पंधरा दिवसांत जे वाळले, त्यांतला जवळजवळ एकही त्या कार्डांनी वाचण्यासारखा नव्हता. कार्डं उत्तम प्रतीची असती तरी नाही. याचं कारण खोडकिडीच्या दिनक्रमात आहे, म्हणून तो आधी पाहू.

खोडकिडीची मादी पतंग उसाच्या पानाच्या खालच्या बाजूला, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक सरकवलेली चपटी अंडी घालते. ती ४ ते ६ दिवसांत उबतात. बाहेर पडलेली बारीक अळी थोडा वेळ पानावर फिरते, देठाच्या खोबणीत शिरते आणि मग जमिनीलगत कोंबाला भोक पाडून आत जाते. आत गाभा कुरतडला गेला की वरचा पोंगा वाळायला आणखी आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे तुम्हाला ३० मार्चला दिसलेला वाळका पोंगा हा मार्चच्या मध्यावर घातलेल्या अंड्याचा परिणाम होता. कार्डातून निघणारा ट्रायकोग्रामा हा फक्त अंड्यावर जगणारा परजीवी आहे. अळीला तो हातही लावत नाही, आणि कोंबात शिरलेल्या अळीपर्यंत तर त्याला पोचताच येत नाही. ३० मार्चला लावलेल्या कार्डाने त्या तारखेनंतरची अंडी मारली असतील, तर त्याचा फरक शेतात दिसणार एप्रिलच्या मध्यापासून पुढे. मधल्या पंधरवड्यातले पोंगे आधीच ठरलेले होते.

फवारणी आणि जैविक नियंत्रण यांतला खरा फरक मला इथेच दिसतो. विषारी की बिनविषारी, स्वस्त की महाग हे नंतरचं. रासायनिक औषधाला किडीचं वय फारसं विचारावं लागत नाही. ते अंगावर पडलं किंवा पोटात गेलं की काम करतं, पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त, मग उतरत जातं. मित्रकीटक किंवा बुरशी किडीच्या एका ठराविक अवस्थेवरच काम करते, आणि तेही हळूहळू चढत जातं. म्हणून फवारणी करणारा माणूस ‘कीड दिसली का’ एवढं बघतो. मित्रकीटक सोडणाऱ्याला ‘कीड आत्ता कोणत्या अवस्थेत आहे आणि ती कुठे बसली आहे’ हे बघावं लागतं. ऊस हे पीक यासाठी चांगलं उदाहरण आहे, कारण परजीवी, भक्षक आणि बुरशी या तिघांचीही कामं इथे वेगवेगळ्या किडींवर स्पष्ट दिसतात: खोडकिडीवर ट्रायकोग्रामा हा परजीवी, लोकरी माव्यावर डिफा आणि मायक्रोमस हे भक्षक, मुळं खाणाऱ्या हुमणीवर मेटारायझियम ही बुरशी. तिघांचा स्वभाव एकमेकांपासून इतका वेगळा आहे की एकाचा अनुभव दुसऱ्याला लावला तर फसगत होते.

आधी तुमची खोडकीड. ट्रायकोग्रामा चिलोनिस ही जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशीच्या कुळातली माशी. ती पतंगाच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते. तिची अळी आतला बलक खाऊन वाढते आणि पतंगाच्या अंड्यातून अळीऐवजी नवी ट्रायकोग्रामा बाहेर येते. प्रयोगशाळेत ती तांदळावरच्या पतंगाच्या, म्हणजे कोर्सिराच्या अंड्यांवर वाढवतात. ज्वारीच्या भरड्यावर हे पतंग पोसायचे, त्यांची अंडी गोळा करायची, अतिनील किरणांखाली ठेवून आतला गर्भ मारायचा, म्हणजे कार्डावर अळ्या निघणार नाहीत, आणि मग ती अंडी डिंकाने कार्डावर चिकटवून ट्रायकोग्रामाच्या हवाली करायची. एका कार्डावर साधारण एक घन सेंटिमीटर, म्हणजे १८ ते २० हजार अंडी बसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी परजीवी झालेली अंडी काळी पडतात आणि सातव्या-आठव्या दिवशी त्यांतून माश्या निघतात.

आता कार्ड विकत घेताना काय बघायचं? ते काळं असलं पाहिजे. पिवळट-पांढरी अंडी जास्त दिसत असतील तर तेवढा भाग वाया. दुसरं, त्यावर माश्या कधी निघणार ती तारीख लिहिलेली असते, ती उलटून गेली असेल तर तुम्ही रिकामी टरफलं आणलीत. भिंगातून बघितलं तर रिकाम्या अंड्याला टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक दिसतं. तिसरं, कार्ड आणल्यावर त्याची एक पट्टी कापून काचेच्या बाटलीत ठेवा, तोंडाला घट्ट विणीचं कापड बांधा. दोन-तीन दिवसांत बाटलीच्या उजेडाकडच्या बाजूला धुळीसारखे हलणारे ठिपके दिसले तर माल जिवंत आहे. नाही दिसले तर शेतातही काही निघालेलं नाही, आणि मग ऊस, हवा, नशीब यांना दोष देण्यात अर्थ नाही. ही बाटलीची तपासणी कुणीच करत नाही. खरं तर ‘कार्ड चालत नाही’ आणि ‘हे कार्ड मेलेलं होतं’ या दोन गोष्टी वेगळ्या करण्याचा तेवढाच एक मार्ग शेतकऱ्याच्या हातात आहे.

माश्या निघायच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी कार्ड शेतात जायला हवं. थोडं थांबायचं असेल तर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवता येतं, बर्फाच्या कप्प्यात नाही. पण तिथेही आठवडाभराच्या वर ठेवू नये, माश्यांचा जोम कमी होतो. लावताना अख्खं कार्ड बांधावरच्या एका उसाला टाचून मोकळं होणारे बरेच जण भेटतात. ही माशी उडून फार लांब जात नाही, आठ-दहा मीटरच्या घेरात तिचं काम चालतं. म्हणून कार्डाच्या पट्ट्या कापून एकरात निदान वीस-पंचवीस ठिकाणी, पानाच्या खालच्या बाजूला टाचाव्यात, म्हणजे ऊन आणि पाणी थेट लागणार नाही. वेळ सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. मुंग्या हा मोठा शत्रू आहे. पट्टी जमिनीला टेकलेल्या पानावर असेल तर मुंग्या रातोरात साफ करतात, म्हणून वर, ताठ पानावर लावा.

एका वेळी किती आणि किती वेळा? हेक्टरी ५० हजार, म्हणजे तुमच्या एकराला एका वेळी एक कार्ड. तुम्ही दोन एकदम लावलीत. ती एकदम लावण्याऐवजी आठ-दहा दिवसांच्या अंतराने लावली असती तर जास्त उपयोग झाला असता, कारण ही माशी जगते थोडेच दिवस. पतंग मात्र आठवड्यामागून आठवडे अंडी घालत राहतात. शेतात तिची पुढची पिढी तयार होते, पण खोडकिडीची अंडी विरळ असतात, त्यामुळे ती आपल्याआपण पुरेशी वाढेल अशी आशा ठेवता येत नाही. म्हणून इथे सोडणं परत परत करावं लागतं.

तुमच्या शेताचंच वेळापत्रक मांडून बघू. लावण ५ फेब्रुवारीची धरली तर कोंब वर येऊन पतंगांना अंडी घालण्याजोगी पानं मार्चच्या सुरुवातीला तयार होतात. शेतात खोडकिडीचे कामगंध सापळे लावले असते तर पतंग कधी यायला लागले ते तुम्हाला कळलं असतं. नसतील तर तिसाव्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा पानं उलटून अंडी शोधायची. पहिलं कार्ड १० मार्चच्या सुमारास, मग २०, ३० मार्च, १० आणि २० एप्रिल, अशी पाच. त्यानंतर मोठी बांधणी होऊन कांडी धरायला लागली की खोडकिडीचा जोर उतरतो. ३० मार्चचं कार्ड या रांगेतलं तिसरं आहे, पहिलं नाही, एवढीच तुमची चूक. खोडकीड उन्हाळ्यातल्या कोवळ्या उसाची कीड असल्यामुळे सुरू लावणीला तिचा त्रास सर्वांत जास्त होतो, म्हणून आपल्याकडे हे वेळापत्रक टाळून चालत नाही.

काम झालं की नाही हे मेलेल्या पोंग्यांवरून लगेच कळत नाही, ते अंड्यांवरून कळतं. कार्ड लावल्यावर पाच-सहा दिवसांनी शेतातून खोडकिडीच्या अंड्यांचे पुंजके पानाच्या तुकड्यासकट गोळा करा आणि भिंगाखाली बघा. परजीवी झालेलं अंडं संपूर्ण काळं, चकचकीत दिसतं. इथे एक गफलत होते: निरोगी अंडंही उबायच्या आदल्या दिवशी काळसर दिसतं, कारण आतल्या अळीचं डोकं काळं असतं. पण तो एक ठिपका असतो, बाकीचं अंडं फिकट राहतं. शंका असेल तर बाटलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी अळी निघाली तर उत्तर मिळालं. अंड्यांच्या पुंजक्यांपैकी निम्म्याहून जास्त पूर्ण काळे दिसायला लागले की वाळक्या पोंग्यांची संख्या पुढच्या दोन आठवड्यांत खाली येणार असं समजा.

आता दुकानदाराच्या फवारणीचं. ती ज्या अळीसाठी घ्यायची ती कोंबाच्या आत बसली आहे. वरून पानावर मारलेलं स्पर्शविष तिला लागत नाही. ते लागू शकतं फक्त अंड्यातून निघून कोंबात शिरेपर्यंतच्या अळीला. म्हणजे फवारणीची खिडकीसुद्धा अरुंदच आहे, फक्त ते कुणी सांगत नाही. उलट पानाच्या पृष्ठभागावर अंडी शोधत चालणारी ट्रायकोग्रामा त्या औषधात पहिल्याच दिवशी मरते, आणि क्विनॉलफॉस किंवा क्लोरपायरीफॉससारख्या औषधाचा अंश पानावर असेपर्यंत पुढची कार्डंही वाया जातात. कार्डाच्या आधी आणि नंतर निदान दहा-पंधरा दिवस अशी फवारणी नको, असं म्हणतात ते यासाठी.

मग आज काय करायचं? शेतात पाच ठिकाणी वीस-वीस कोंब मोजा, एकूण शंभर. त्यांत वाळके किती ते बघा. वाळका पोंगा ओढून पाहायचा: खोडकिडीचा असेल तर सहज हातात येतो, बुडाला कुजका उग्र वास येतो आणि जमिनीलगत कोंबावर भोकं दिसतात. भोक नसेल तर कारण दुसरं, बऱ्याचदा पाण्याचा ताण किंवा मूळकूज. शंभरात वाळके पंधराच्या आत असतील तर काहीही फवारू नका. सुरू ऊस या वयात फुटवे काढतो आणि गेलेल्या कोंबांची बरीच भरपाई करतो. वाळके कोंब जमिनीलगत कापून अळीसकट नष्ट करा, बाळबांधणी करून कोंबांच्या बुडाला माती लावा, पाण्याची पाळी लांबवू नका. माती चढली की भोक पाडायची जागा झाकली जाते आणि आतून निघणाऱ्या पतंगाची वाटही अडते. सरीत पाचट पसरलेलं असेल तर खोडकिडीचं प्रमाण कमी राहतं हा बऱ्याच शेतांतला अनुभव आहे. आणि कार्ड दर दहा दिवसांनी लावत राहा, एप्रिलअखेरपर्यंत.

पंधराच्या वर गेलं असेल तर रासायनिक औषध घ्यायला माझी हरकत नाही, पण फवारा नको, दाणेदार घ्या. क्लोरँट्रानिलीप्रोल ०.४ टक्के दाणेदार हेक्टरी १८.७५ किलो, म्हणजे एकरी साडेसात किलो, कोंबांच्या बुडाशी देऊन मातीने झाकायचं आणि हलकं पाणी द्यायचं. ते मुळांवाटे कोंबात जातं, तिथेच अळी असते. पानावर चालणाऱ्या ट्रायकोग्रामाला त्याचा त्रास फवाऱ्याच्या मानाने बराच कमी होतो. म्हणजे त्याच शेतात दोन्ही चालतात. जैविक आणि रासायनिक यांचं शत्रुत्व जन्माचं, असं काही नसतं. कोणतं औषध, कुठे आणि कशा रूपात दिलं यावर सगळं आहे.

भक्षकांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती तुमच्याच भागातली आहे. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा उसळला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्र, उत्तर कर्नाटकात पसरला. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर, पानावर चिकट मध, त्यावर काळी बुरशी, सरीत पीठ सांडल्यासारखी पांढरी भुकटी, हे ज्यांनी पाहिलंय ते विसरणार नाहीत. त्या वेळी गावोगाव पंपांच्या रांगा लागल्या. पण डोक्याच्या वर गेलेल्या आडसाली उसात माणूस घुसत नाही, फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोचत नाही, आणि पोचला तर मेणाच्या लोकरीवरून ओघळतो. या माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं घालतात, त्यामुळे शंभरातले दहा जरी वाचले तरी काही आठवड्यांत पान परत पांढरं होतं.

त्याच पांढऱ्या थरात एक हिरवट-करडी अळी जाळीचा बोगदा करून राहताना दिसायला लागली. ही डिफा अॅफिडिव्होरा. पतंगाची अळी, पण पान खात नाही, मावा खाते. बऱ्याच जणांनी उसावर अळी पडली म्हणून तिच्यावरही औषध मारलं. तिच्या जोडीला मायक्रोमस इगोरोटस हा तपकिरी, पातळ पंखांचा कीटक, ज्याची अळी आणि प्रौढ दोन्ही मावा खातात. पुढे बंगळूरच्या जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालयाने आसाममधून एनकार्सिया फ्लॅव्होस्कुटेलम ही परजीवी माशीही आणून सोडली आणि ती इथे टिकली. शिफारस होती ती हेक्टरी एक हजार डिफा अळ्या किंवा अडीच हजार मायक्रोमस सोडण्याची. पण खरी मदत झाली ती पानं नेण्याने: ज्या शेतात डिफा भरपूर आहे तिथली अळ्या-कोष असलेली पानं कापायची, नव्याने मावा पडलेल्या शेतात उसाच्या पानांना बांधायची आणि तिथे फवारणी पूर्ण बंद ठेवायची.

खोडकिडीच्या कार्डापेक्षा हा व्यवहार मुळातूनच वेगळा आहे. डिफाला खायला मावा हवा. मावा नसलेल्या शेतात ती सोडून ठेवता येत नाही, आणि मावा दिसल्यानंतर ती वाढायला वेळ घेते. त्या मधल्या काळात थोडं नुकसान सोसावंच लागतं. पण एकदा वाढली की दर दहा दिवसांनी विकत आणायची गरज नाही, ती स्वतः पसरते आणि शेजाऱ्याच्या शेतातही जाते. म्हणूनच इथे एकट्याच्या शिस्तीने भागत नाही. तुम्ही फवारणी थांबवलीत आणि बांधापलीकडे डायमेथोएट मारलं जात असेल तर तुमच्या डिफा तिकडे जाऊन मरतात. पानं तपासताना हिशोब असा करावा: पांढऱ्या डागांच्या दर पाच-सात पानांमागे एखादी तरी डिफा अळी, तिचा जाळीचा बोगदा किंवा कोष सापडतोय का? सापडत असेल तर हात आवरा आणि आठ दिवसांनी परत बघा. सापडत नसेल तर पानं शोधून आणा. आज लोकरी मावा दरवर्षी कुठेतरी ठिपक्याठिपक्याने दिसतो, पण २००२ सारखा उसळत नाही, त्याचं मोठं कारण हे कीटक आता कायमचे इथे आहेत.

तिसरी बुरशी, आणि तिच्याबद्दल गैरसमज सर्वांत जास्त. मेटारायझियम अॅनिसोप्ली ही मातीतलीच बुरशी. १८७९ साली ओडेसामध्ये इल्या मेचनिकोव्हने गव्हावरच्या एका भुंगेऱ्याच्या रोगट अळ्यांवरून तिचं वर्णन केलं आणि कीड मारण्यासाठी ती वापरून पाहिली. म्हणजे कल्पना आपल्या बहुतेक कीटकनाशकांपेक्षा जुनी आहे. तिचे बीजाणू हुमणीच्या कातडीला चिकटतात, ओलावा मिळाला की रुजतात, कातडी भेदून आत जातात आणि आतून वाढून हुमणीला मारतात. हुमणीने ती खाल्ली पाहिजे असं नाही, स्पर्श पुरतो. पण यात आठ-दहा दिवस ते दोन-तीन आठवडे जातात. संसर्ग झालेली हुमणी मधल्या काळात जिवंत दिसते, फक्त खाणं कमी करते.

बुरशीचं सगळं यश तीन गोष्टींवर आहे: ओल, सावली आणि हुमणीचं लहान वय. ऊन बीजाणूंना काही तासांत निकामी करतं, म्हणून पावडर जमिनीवर उघडी टाकून उपयोग नाही. कोरड्या मातीत ते रुजतच नाहीत. आणि सप्टेंबरमध्ये अंगठ्याएवढी झालेली, मुळं फस्त करणारी हुमणी मारायला ती खूप वेळ घेते, तोवर ऊस आडवा होतो. वळवाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुलिंब, बाभळीवर जमतात, मिलन करतात, मादी मातीत अंडी घालते आणि ती आठ-दहा दिवसांत उबतात. लहान हुमणी सुरुवातीला कुजलेलं सेंद्रिय खाते आणि वरच्या थरात असते. जूनचा शेवट ते जुलै ही बुरशीची वेळ.

करायचं असं. एकरी आठ ते दहा किलो पावडर, पूर्ण कुजलेल्या शंभर-एक किलो शेणखतात सावलीत मिसळायची. पाणी शिंपडून मूठ वळेल इतपत ओली ठेवायची, ओल्या पोत्याने झाकून आठवडाभर मुरू द्यायची. मग पाऊस पडून वापसा आला की उसाच्या ओळीलगत देऊन मातीत मिसळायची. शेणखत कच्चं असेल तर ते गरम होतं आणि बुरशी त्यातच मरते. शिवाय कच्च्या खतातूनही हुमणीची अंडी शेतात येतात. पाकिटावर प्रति ग्रॅम १ × १०^८ बीजाणू आणि उत्पादनाची तारीख लिहिलेली असते. दुकानात उन्हात ठेवलेलं, मुदत संपत आलेलं पाकीट घेऊ नका. मँकोझेब, कार्बेन्डाझिम यांसारखी बुरशीनाशकं त्याच पाण्यात किंवा त्याच आठवड्यात त्याच जागी देऊ नका. बुरशीनाशकाला कोणती बुरशी आपली आणि कोणती परकी हे कळत नाही.

पावडर जिवंत आहे का हे घरी तपासता येतं. दहा लहान हुमण्या पकडा, ग्लासभर पाण्यात एक चमचा पावडर ढवळून त्यात क्षणभर बुडवून काढा आणि ओलसर माती आणि मुळं घातलेल्या डब्यात ठेवा. दुसऱ्या डब्यात दहा हुमण्या साध्या पाण्यात बुडवून. दोन्ही डब्यांना हवेसाठी बारीक भोकं. दोन आठवड्यांनी बघा. मेटारायझियमने मेलेली हुमणी कडक होते, आधी पांढरी बुरशी धरते आणि मग हिरवी पडते. मऊ, काळी पडून नासलेली आणि दुर्गंधी सुटलेली असेल तर ती बहुधा जिवाणूने मेली, बुरशीने नाही. साध्या पाण्याच्या डब्यातही तेवढ्याच मेल्या असतील तर पावडरीला श्रेय देऊ नका. हीच खूण शेतात: ऑगस्टमध्ये उसाचं बूड उकरताना हिरवी, ताठ हुमणी सापडली की बुरशी मातीत बसली. ओल आणि सेंद्रिय खत असेल तर ती पुढच्या हंगामातही थोडीफार टिकते, पण दरवर्षी थोडी देत राहणं मी सोडत नाही.

तेव्हा दुकानदाराच्या ‘पुस्तकी’ला उत्तर असं की कार्ड, डिफा आणि बुरशी या तिन्हींचा माझ्या हाताखालचा अनुभव चांगला आहे, पण तिन्हींत अपयशही पाहिलंय, आणि ते बहुतेक वेळा वेळ चुकल्याने, मेलेल्या मालाने किंवा त्याच आठवड्यात मारलेल्या औषधाने आलेलं होतं. भर एप्रिल-मेच्या कडक उन्हात ट्रायकोग्रामाचं काम मंदावतं, हीही तिची मर्यादा आहे. सोलापूरकडच्या उन्हात कऱ्हाडच्या मळ्याएवढा गुण मागू नका.

तुमच्या एकरासाठी आत्ता क्रम असा: उद्या कोंब मोजा, बाटलीत पट्टी घालून तपासलेलं कार्ड या आठवड्यात लावा, बाळबांधणी झाली नसेल तर करून घ्या. मेमध्ये शेणखत आणून सावलीत ठेवा आणि जूनच्या आत मेटारायझियमची ताजी पाकिटं मिळतील याची सोय करा. पहिला वळीव झाल्यावर बांधावरच्या कडुलिंबाखाली रात्री आठच्या सुमाराला बॅटरी घेऊन उभे राहा. भुंगेरे दिसले तर फांद्या हलवून खाली पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. त्या दिवसापासून पंधरा दिवसांनी शेणखत-बुरशी शेतात जायला हवी. हे काम शेजारचे दोन-तीन जण मिळून करतील तर उत्तम, कारण भुंगेरा तुमचा बांध बघून उडत नाही.